अठ्ठेचाळीस हर्ट्‌झच्या खाली

गेमिंग मॉनिटर नवा कोरा असतो. खोक्यावर १४४ हर्ट्‌झ आणि फ्रीसिंक असे ठळक छापलेले असते. तरीही गेममधल्या एखाद्या अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकू लागतो. उजेड किंचित वाढतो, किंचित कमी होतो, सेकंदात चारपाचदा. गेम लोड होत असताना तर हे हमखास दिसते. मग केबल बदलून पाहिली जाते, ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, दुकानदाराशी वाद घालून मॉनिटर बदलून आणला जातो आणि तोही तसाच लुकलुकतो. बहुतेक वेळा त्यातले काहीच बिघडलेले नसते. ग्राफिक्स कार्ड आपले काम नीट करत असते, मॉनिटरही करत असतो, आणि दोघांच्या त्या नीट कामातूनच ही लुकलुक जन्माला येते. ती नेमकी कुठे होते हे समजले तर बऱ्याच अंशी टाळता येते. म्हणून जरा मुळापासून पाहू.

पडद्यावरचे चित्र एकाच क्षणी सगळीकडे बदलत नाही. मॉनिटर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ नव्याने लिहीत जातो. जुन्या पद्धतीच्या ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर हे काम दर १६.६७ मिलिसेकंदांनी, घड्याळाच्या ठोक्यावर सुरू होते. ग्राफिक्स कार्डाला असे घड्याळ नसते. मोकळे आकाश काढायला त्याला आठ मिलिसेकंद पुरतात, तर धूर, पाऊस आणि दिव्यांची प्रतिबिंबे असलेला चौक काढायला पंचवीस लागतात. नवे चित्र तयार होताच ते चालू ओळीपासून पाठवले, तर पडद्याचा वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो, म्हणजे चित्र मध्येच फाटते. पुढच्या ठोक्यापर्यंत थांबवले, तर हालचाल अडखळते.

यावर तोडगा निघाला तो ठोकाच सैल करण्याचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले. पुढच्या वर्षी व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्ट १.२ए मानकात अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकची भर घातली, आणि त्यावर आधारलेले एएमडीचे फ्रीसिंक मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. कल्पना सगळीकडे एकच होती. एक चित्र लिहून झाले की मॉनिटरने वाट पाहायची आणि कार्डाकडून पुढचे चित्र आले की लगेच लिहायला घ्यायचे. दोन चित्रांमधला हा रिकामा काळ लागेल तसा ताणता येतो. गेम सेकंदाला ७३ चित्रे देत असेल तर मॉनिटर ७३ हर्ट्‌झवर चालतो, ९१ देत असेल तर ९१ वर.

पण ताणायलाही हद्द असते. वरची हद्द समजायला सोपी आहे. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर एक चित्र लिहायला ६.९४ मिलिसेकंद घेतो, त्याहून घाई त्याला जमत नाही. खालची हद्द का असते हे मात्र थोडे उलगडून सांगावे लागते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापाशीच आहे.

एलसीडी पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात एक सूक्ष्म धारित्र असते. ओळ लिहिली जाते तेव्हा त्यात ठरावीक विद्युतभार भरला जातो, त्या भारानुसार द्रवस्फटिकाचे रेणू वळतात आणि मागचा दिवा किती दिसावा हे ठरते. ओळ लिहून झाली की ठिपक्याचा ट्रान्झिस्टर बंद होतो आणि पुढचे चित्र येईपर्यंत ठिपक्याने तो भार सांभाळून ठेवायचा असतो. तो पूर्ण सांभाळला जात नाही. बारीक छिद्र पडलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी त्याची गत असते. हवा पुन्हा पुन्हा भरत राहिलो तर चाक टणक राहते, जास्त वेळ विसरलो तर मऊ पडते. वाट पाहण्याचा काळ लांबला की ठिपक्यावरचा भार गळतो आणि त्याचा उजेड मुळापासून हलतो. म्हणून मॉनिटर बनवणारा एक किमान दर ठरवून देतो. आपण ज्याचा हिशेब करणार आहोत त्या नेहमीच्या मॉनिटरची कक्षा ४८ ते १४४ हर्ट्‌झ आहे. म्हणजे त्याला नवे चित्र मिळाले नाही तर तो जास्तीत जास्त २०.८३ मिलिसेकंद थांबू शकतो, त्यापलीकडे नाही.

आता गेम ४७ चित्रांवर घसरला असे समजा. प्रत्येक चित्राला २१.२८ मिलिसेकंद लागत आहेत, मॉनिटरच्या सहनशक्तीपेक्षा अर्ध्या मिलिसेकंदानेही कमी असा उशीर. वेळ संपली म्हणून जुनेच चित्र पुन्हा लिहायला घेणे हा सर्वांत साधा उपाय दिसतो. पण तो फसवा आहे. २०.८३ व्या मिलिसेकंदाला जुने चित्र लिहायला सुरुवात झाली की पुढची ६.९४ मिलिसेकंदे मॉनिटर त्यातच गुंतलेला. नवे चित्र २१.२८ ला तयार होऊन दाराशी उभे आहे आणि त्याला २७.७७ पर्यंत ताटकळावे लागते. किंवा ते मध्येच घुसवावे लागते, म्हणजे पुन्हा फाटलेले चित्र. सुरुवातीच्या फ्रीसिंक मॉनिटरांवर कक्षेच्या खाली गेले की नेमके हेच व्हायचे. हालचाल ४९ वर लोण्यासारखी आणि ४७ वर एकदम खडबडीत.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीने आपल्या क्रिमसन ड्रायव्हरसोबत यावर उत्तर आणले. त्याचे नाव लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन, बोलताना एलएफसी. त्यातली युक्ती अशी की वेळ संपेपर्यंत थांबायचेच नाही. चित्रांना २१.२८ मिलिसेकंद लागत आहेत हे ड्रायव्हरला आधीच्या चित्रांवरून दिसत असते. मग तो तेच चित्र मध्यावर, म्हणजे १०.६४ व्या मिलिसेकंदाला, दुसऱ्यांदा पाठवतो. मॉनिटर ते १७.५८ पर्यंत लिहून मोकळा होतो आणि २१.२८ ला नवे चित्र येते तेव्हा तयार असतो. गेम ४७ चित्रे देतो, मॉनिटर ९४ हर्ट्‌झवर चालतो आणि प्रत्येक चित्र दोनदा दिसते. गेम २० वर पडला तर तेच चित्र तीनदा किंवा चारदा. एनव्हिडियाच्या मूळ जी-सिंक मॉनिटरांमध्ये हे काम मॉनिटरच्या आत बसवलेले खास मॉड्यूल करत असे. त्यात स्वतःची मेमरी होती, त्यामुळे मागचे चित्र जवळ ठेवून ते स्वतःच पुन्हा लिहू शकत असे.

यात एक गोष्ट नजरेतून सुटते. ड्रायव्हर अंदाज बांधत असतो. पुढचे चित्र कधी येणार हे त्याला ठाऊक नसते, मागच्या चित्रांवरून तो ते ताडतो. म्हणून त्याला मोकळी जागा लागते, आणि ती जागा मॉनिटरच्या कक्षेतून मिळते. स्वस्त मॉनिटरांवर ४८ ते ७५ अशी कक्षा सर्रास असते. गेम ४० वर आला तर दुप्पट ८० होतात आणि ते ७५ च्या वर जातात. गेम ३७.५ च्या खाली जाईपर्यंत दुप्पट करणे शक्यच नाही. ३७.५ ते ४८ हा पट्टा अधांतरी राहतो, आणि मध्यम दर्जाच्या कार्डावर जड गेम चालतात ते नेमके या पट्ट्यात. दुप्पट बसायला वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा हे उघड आहे. एएमडीने सुरुवातीला अडीचपट मागितले होते. वरचा तो अर्धा हिस्सा अंदाज चुकण्यासाठी ठेवलेला होता. आपल्या ४८–१४४ च्या मॉनिटरवर ही पट तीनची आहे, म्हणजे एलएफसी तिथे आरामात चालते. हालचाल गुळगुळीत राहते, चित्र फाटत नाही. आणि तिथेच लुकलुक सुरू होते.

कारण आकडे पुन्हा पाहा. गेम ४९ वर असताना मॉनिटर ४९ हर्ट्‌झवर आहे. गेम ४७ वर आला आणि मॉनिटर ९४ वर गेला. खेळणाऱ्याच्या दृष्टीने फक्त दोन चित्रांचा फरक पडला. ठिपक्याच्या दृष्टीने भार सांभाळण्याचा काळ वीस मिलिसेकंदांवरून एकदम साडेदहावर आला. वीस मिलिसेकंदांत जेवढा भार गळत होता तेवढा आता गळत नाही, म्हणून ठिपक्याचा सरासरी उजेड बदलतो. फरक टक्क्यादोन टक्क्यांचा असला तरी तो पूर्ण पडद्यावर एकाच वेळी होतो. पुढच्या क्षणी गेम पुन्हा ५० वर, मॉनिटर खाली, उजेड पूर्ववत. मग पुन्हा ४७.

डोळ्याला ४८ हर्ट्‌झची प्रत्येक लिखावट दिसत असते असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसे नाही. एका दरावर स्थिर असताना बहुतेकांना काहीच खटकत नाही, मग तो दर ४९ असो की ९४. खटकते ते या दोन दरांमध्ये होणारे हेलकावे. गेमचा वेग सेकंदात आठदहा वेळा सीमेच्या या बाजूला आणि त्या बाजूला गेला, तर उजेडाची वरखाली त्याच गतीने होते, आणि माणसाचा डोळा साधारण याच गतीच्या चढउताराला सर्वांत जास्त टिपतो. म्हणूनच गेम ४० वर ठाम राहिला तर लुकलुक नसते आणि ४६ ते ५२ च्या दरम्यान झुलत राहिला तर असते, जरी दुसऱ्या वेळी गेम जास्त वेगात चालत असतो. मला हे सगळ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण हे न कळल्याने लोक गेमचा वेग थोडासा वाढवतात आणि नेमके सीमेवर येऊन बसतात.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना हे माहीत आहे. लिनक्समधला एएमडीचा ड्रायव्हर खुला असल्याने तो कुणालाही वाचता येतो. त्यात हे काम `freesync.c` या फाइलमध्ये आहे आणि तिथे त्याला `BTR` म्हणतात. तिथे आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची सीमा मुद्दाम वेगवेगळी ठेवली आहे, आणि त्यासाठी जास्तीत जास्त अडीच मिलिसेकंदांची सवलत धरली आहे. आपल्या मॉनिटरवर तिचा हिशेब केला तर गेम साधारण ५१ च्या खाली आला की चित्रे दुप्पट होऊ लागतात आणि साधारण ५८.५ च्या वर गेल्याशिवाय दुप्पट होणे थांबत नाही. एकच सीमा ठेवली असती तर अर्ध्या चित्राच्या फरकानेही मॉनिटर उड्या मारत राहिला असता. या अंतरामुळे छोटे हेलकावे पचतात. पण धुराचा लोट आला की ४८ आणि भिंतीकडे पाहिले की साठच्या वर असे मोठे हेलकावे गेम घेत असेल, तर ही सवलत अपुरी पडते.

अंधाऱ्या दृश्यांतच का? काळ्याजवळच्या करड्या छटेत उजेड मुळातच कमी असतो, त्यामुळे तेवढाच फरक प्रमाणाने मोठा ठरतो. पांढऱ्या बर्फाच्या दृश्यात तोच फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. पॅनेलच्या जातीचाही संबंध आहे. व्हीए पॅनेल गडद काळ्या रंगासाठी नावाजलेले असतात, पण त्यांच्या गडद छटा व्होल्टेजच्या बारीक बदलालाही मोठा प्रतिसाद देतात, म्हणून लुकलुकीच्या तक्रारी त्यांच्याबद्दल जास्त. आयपीएसवर ती कमी दिसते. ओएलईडीमध्ये मागचा दिवा नसतो, ठिपका स्वतः उजळतो, तरी त्याच्याही मागे भार सांभाळणारे धारित्र असते. शिवाय गडद छटा किती उजळाव्यात याची जुळवणी एका ठरावीक दरावर केलेली असते. दर तिथून दूर गेला की ही जुळवणी सुटते. लाखभर रुपये मोजून ओएलईडी आणलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटते, पण या बाबतीत महाग पडदा सुरक्षित असतोच असे नाही.

लोडिंगच्या पडद्याचे कोडेही इथेच सुटते. गेम लोड होताना कार्डाला काढायला फारसे काही नसते, म्हणून एक क्षण वेग तीनशेवर जातो. दुसऱ्या क्षणी डिस्कवरून माहिती येईपर्यंत सगळे गोठते आणि एका चित्राला दोनशे मिलिसेकंद लागतात. मॉनिटर १४४ वरून थेट तळाला, तिथून पुन्हा वर अशा उड्या घेतो. वर पडदा बहुधा काळा, मध्ये एक छोटे चिन्ह फिरत असलेले. यापेक्षा वाईट जुळणी शोधून सापडणार नाही.

आपल्या घरची लुकलुक हीच आहे का, हे ओळखायला उपकरण लागत नाही. बऱ्याच मॉनिटरांच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. ती सुरू करावी आणि शेजारी गेमचा वेग दाखवणारा आकडा ठेवावा. लुकलुक होत असताना मॉनिटरचा आकडा ५२, १००, ५३, ९८ असा उड्या मारत असेल आणि गेमचा आकडा पन्नाशीच्या आसपासच असेल, तर निदान झाले. दुसरी खूण म्हणजे पडद्याचे रेकॉर्डिंग. संगणकाने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ही लुकलुक कधीच येत नाही, कारण चित्र निर्दोष असते आणि दोष पॅनेलच्या उजेडात असतो. मोबाइल कॅमेऱ्याने, एक्स्पोजर बंदिस्त करून घेतलेल्या व्हिडिओत मात्र ती दिसू शकते. तिसरी आणि निर्णायक परीक्षा म्हणजे मॉनिटरच्या मेनूतून अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक बंद करून त्याच जागी पुन्हा खेळणे. लुकलुक गेली आणि तिच्या जागी फाटणे किंवा अडखळणे आले, तर शंका उरत नाही. बंद करूनही डेस्कटॉपवर, ब्राउझरमध्ये, सगळीकडे ती राहत असेल तर कारण वेगळे आहे. मागचा दिवा मंद करण्याची पद्धत, केबल किंवा खरोखरचा बिघाड. तेव्हा दुकानदाराकडे जावे.

लिनक्सवर, एएमडीच्या कार्डासोबत, ड्रायव्हर मॉनिटरची कक्षा काय समजतो आहे हेही वाचता येते. कार्डाचा क्रमांक आणि पोर्टचे नाव आपल्या संगणकाप्रमाणे बदलून घ्यावे:

```
sudo cat /sys/kernel/debug/dri/0/DP-1/vrr_range
```

उत्तरात `Min` आणि `Max` असे दोन आकडे मिळतात. खोक्यावरचा वरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, खालचा क्वचितच कुणी वाचलेला असतो. एकाच मॉनिटरवर एचडीएमआयची कक्षा डिस्प्लेपोर्टपेक्षा तोकडी असू शकते, म्हणून ज्या पोर्टवर खेळता त्याचाच आकडा पाहावा.

उपायांत पहिला आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय गेमच्या सेटिंगमध्येच आहे. सरासरी वेग पाहण्याऐवजी सर्वांत जड जागी वेग कितीवर येतो ते पाहावे. गेम मोकळ्या जागी ७० देतो आणि गर्दीत ४६ वर येतो असे असेल, तर सावल्या, प्रतिबिंबे आणि धुक्याचा दर्जा एकेक पायरी खाली आणून गर्दीतला आकडा साठच्या जवळ न्यावा. मग मॉनिटर सीमेला शिवतच नाही. वेगाला वरून ७० चा लगाम घातला तर हेलकावेही आखूड होतात. कार्डाकडून साठ निघणारच नसतील तर उलटा मार्ग घ्यावा. वेग ४० वर बांधावा, म्हणजे मॉनिटर सतत ८० वर राहील. ४० चा वेग सगळ्यांना रुचत नाही, पण ४५ ते ५५ मध्ये झुलण्यापेक्षा डोळ्यांना तो बरा.

दुसरा उपाय सीमाच हलवण्याचा. विंडोजवर `Custom Resolution Utility` नावाचे मोफत साधन आहे. त्यात मॉनिटर स्वतःबद्दल जी माहिती संगणकाला देतो तीतला किमान दर बदलता येतो. आपल्या मॉनिटरची कक्षा ४८–१४४ ऐवजी ६०–१४४ केली असे धरा. आता ४२ ते ५८ मध्ये झुलणारा गेम सगळाच्या सगळा दुप्पट होतो आणि मॉनिटर ८४ ते ११६ मध्ये राहतो. मधली मोठी उडी नाहीशी झाली. पट अजूनही २.४ आहे, म्हणजे अंदाजाला जागा शिल्लक आहे. किमान दर ७० केला तर पट जेमतेम दोन उरते आणि अंदाज थोडा चुकला तरी हालचाल अडखळते, म्हणून हाव धरू नये. सीमा नाहीशी झालेली नाही, ती वर सरकली आहे, हेही लक्षात ठेवावे. साठसत्तरच्या आसपास चालणाऱ्या दुसऱ्या गेमला हीच नवी कक्षा बाधेल. बदल केल्यावर पडदा काळा राहिला तर पूर्ववत करण्याची सोय त्या साधनासोबत येते. ती कशी वापरायची हे आधी वाचून ठेवावे.

काही कंपन्यांनी असाच उपाय मेनूत दिला आहे. सॅमसंगच्या ओडिसी मालिकेतल्या मॉनिटरांवर `VRR Control` नावाचे बटण आहे, असुसच्या ओएलईडी मॉनिटरांवर लुकलुक दाबणारी सोय आहे. दोन्हींची किंमत एकाच नाण्यात द्यावी लागते. दराला मोकळेपणाने हलू दिले जात नाही, म्हणून अधूनमधून अडखळणे परत येते. लोडिंगच्या पडद्यावरची लुकलुक मात्र यातल्या कुठल्याच उपायाने पूर्ण जात नाही, आणि ती तेवढीच असेल तर तिच्यामागे लागू नये.

नवा मॉनिटर घ्यायचा असेल तर फ्रीसिंक हा एकटा शब्द पुरेसा नाही, त्यात एलएफसीची हमी नसते. फ्रीसिंक प्रीमियम असेल तर ती असते. एनव्हिडियाच्या जी-सिंक कम्पॅटिबल यादीत येण्यासाठीही कक्षेची पट २.४ लागते. पण ही हमी गुळगुळीत हालचालीची झाली, स्थिर उजेडाची नव्हे. उजेडाची तपासणी व्हेसाने मे २०२२ मध्ये सुरू केलेल्या अ‍ॅडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले या प्रमाणपत्रात आहे. त्यात दर बदलत असताना होणारी लुकलुक मोजली जाते, तीही मॉनिटर कारखान्यातून आला त्याच सेटिंगवर. दुकानात मॉनिटर चालू करून पाहायला मिळत असेल तर अर्धा पडदा गडद करडा ठेवून, गेमचा वेग पन्नाशीच्या आसपास झुलवून, पाच मिनिटे पाहावे. झगझगीत रंगांचा जाहिरातीचा व्हिडिओ यातले काहीच दाखवणार नाही.